नऊ वर्षांपूर्वीच्या ट्रेकच्या फोटोवर जुन्या मैत्रिणीची कमेंट

प्रकरण असं धरू. पुण्यातल्या कॉलेजातला पाच जणांचा गट. जानेवारी 2015 मध्ये हे पाच जण खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेले. कोकणकड्यावर बसलेला सगळ्यांचा फोटो त्यांच्यातल्या एकीने 18 जानेवारीला फेसबुकवर टाकला आणि बाकी चौघांना टॅग केलं. फोटो टाकणारीला इथे पहिली म्हणू. टॅग झालेल्यांपैकी एक तिची त्या वेळची सख्खी मैत्रीण, ती दुसरी.

पुढे दोघींनी कोथरूडला अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला. भाडं 18,000, दोघींत निम्मं निम्मं. 2019 मध्ये करार संपायला दोन महिने असताना दुसरी सामान घेऊन गेली आणि तिच्या वाट्याचे दोन महिन्यांचे 18,000 पहिलीने भरले. भांडण असं झालं नाही. दोन-तीन तुटक मेसेज झाले, मग फोन उचलणं थांबलं. फ्रेंडलिस्टमधून कोणीच कोणाला काढलं नाही. बाकी तिघांना अर्धवट माहिती आहे, आणि अशा वेळी अर्धवट माहितीच जास्त त्रास देते.

18 जानेवारी 2024, रात्री पावणेदहा. त्या फोटोखाली दुसरीची कमेंट येते: “अगं काय दिवस होते ते!! तारामतीवर माझ्या बुटाचा तळ सुटला आणि तू दोरीने बांधून दिला होतास, आठवतंय? कशी आहेस गं? खूप आठवण येते... भेटू ना एकदा.”

पहिलीला तिच्याबद्दल राग उरलेला नाही, पण मैत्री पुन्हा सुरू करायचीही नाही. उत्तर असं हवं की चारचौघांत दुसरीचा पाणउतारा होऊ नये आणि दारही उघडू नये.

पहिल्यांदा तारीख बघायची. कमेंट आणि फोटो, दोन्हींची तारीख 18 जानेवारी. फेसबुकचं मेमरीज हे फीचर आपल्या जुन्या पोस्ट आणि आपण टॅग असलेल्या पोस्ट त्याच तारखेला पुन्हा समोर आणतं. म्हणजे दुसरी मुद्दाम पहिलीच्या भिंतीवर जाऊन नऊ वर्षं मागे गेली असण्यापेक्षा तिला सकाळी फोटो दिसला, दिवसभर तो मनात राहिला आणि रात्री जेवणं उरकल्यावर तिने दोन ओळी लिहिल्या, ही शक्यता मोठी. तारीख जुळत नसती तर कमेंटचं वजन वेगळं झालं असतं, कारण मग कोणीतरी शोधत आलेलं असतं. तारीख जुळते तेव्हा ‘हिला आता माझ्याकडून काय हवंय’ हा प्रश्न बराचसा निकालात निघतो आणि उत्तरही हलकं ठेवता येतं.

दुसरी खातरजमा अकाउंट तिचंच आहे ना याची. इथे बुटाचा तपशील आहे, तो बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. पण नुसतं “हाय डिअर, कशी आहेस” एवढंच असेल, प्रोफाइल नवं असेल किंवा दुसऱ्याच वाक्यात पैशांची अडचण किंवा लिंक येत असेल, तर तो मैत्रीचा विषयच नाही. तिथे उत्तर न देता जुन्या नंबरवर किंवा गटातल्या कोणाकडे चौकशी करायची. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची.

आता कमेंट उलगडून बघू. तिच्यात चार गोष्टी आहेत: बुटाची आठवण, ‘कशी आहेस’ हा प्रश्न, ‘आठवण येते’ ही भावना आणि ‘भेटू’ हे आमंत्रण. उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा चारही गोष्टींना सारखंच उत्तर द्यायला गेल्यामुळे. या चारांत निर्धोक अशी एकच, आठवण. ती भूतकाळात घडून गेलेली आहे, खरी आहे, आणि तिच्यावर कितीही मोकळेपणाने बोललं तरी उद्याचं काही ठरत नाही. म्हणून सगळी ऊब तिथेच खर्च करायची. प्रश्नाला छोटं उत्तर पुरे. भावना आणि आमंत्रण यांना चारचौघांत हात लावायचा नाही.

आमंत्रणाकडे दुर्लक्ष करणं उद्धट वाटेल, अशी भीती अनेकांना असते. पण ‘भेटू ना एकदा’ हे आपल्याकडे निरोपाचं वाक्यही असतं. लग्नाच्या मांडवातून निघताना शंभर जण ते बोलतात आणि कोणी डायरी काढत नाही. त्यात दिवस, जागा, वेळ काहीच नाही. अशा वाक्याला उत्तर आलं नाही तर बोलणारीचाही मान राहतो, कारण तिने काही मागितलंच नव्हतं असं धरता येतं. तिने “येत्या रविवारी सकाळी मोकळी आहेस का?” असं विचारलं असतं तर मात्र गप्प बसणं हा नकारच झाला असता, आणि तो शब्दांत द्यावा लागला असता.

आता मसुदे. कमेंट वाचल्या वाचल्या हातून जातो तो साधारण असा: “अगंऽऽ किती दिवसांनी! मीपण खूप मिस करते गं. नक्की भेटू! नंबर तोच आहे ना?” यात खोटेपणा नसेलही, त्या क्षणी खरंच तसं वाटलेलं असू शकतं. पण ‘नक्की’ हे वचन आहे आणि नंबरचा प्रश्न म्हणजे पुढच्या फोनचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीला आपलेच शब्द मागे घ्यावे लागतील, आणि पाच वर्षांपूर्वीच्या अबोल्यापेक्षा ते जास्त लागेल.

दुसरा मसुदा बरोबर उलटा: “धन्यवाद. आपण मजेत असाल.” इथे मराठीची एक खोच आहे. अनोळखी माणसाला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणणं हा आदर, पण जिला वर्षानुवर्षं ‘तू’ म्हटलं तिला अचानक ‘आपण’ म्हणणं हा टोमणा. घरात नवराबायको भांडल्यावर ‘आपलं जेवण झालं असेल तर’ असं बोलतात, त्यातला प्रकार. ‘धन्यवाद’चंही तसंच. मित्रमैत्रिणींत ‘थँक्स’ साधं वाटतं, ‘धन्यवाद’ म्हटलं की चेष्टा किंवा चीड ऐकू येते. वाचणाऱ्या तिघांना लगेच कळेल की काहीतरी आहे.

तिसरा मसुदा सगळ्यात वाईट, कारण लिहिणारीला तो सभ्य वाटतो: “हो, तेव्हा सगळं किती सोपं होतं...” वरवर यात आक्षेपार्ह काही नाही. पण शेवटचे तीन टिंब 18,000 रुपयांचा हिशोब मांडतात. दुसरीने त्यावर “म्हणजे?” एवढं जरी विचारलं, तरी फोटोखाली पंचायत बसेल.

मग अंतर ठेवायचं कशाने? सर्वनाम बदलायचं नाही, ‘तू’ तसंच राहू द्यायचं. काढायचे ते ‘अगं’ आणि ‘गं’. मराठीत जवळीक ‘तू’मध्ये कमी आणि या चिमुकल्या अक्षरांत जास्त असते. “कशी आहेस गं” आणि “कशी आहेस” यांत जेवढा फरक आहे, तेवढंच अंतर इथे हवंय. ते काढलेलं कोणाच्या डोळ्यावर येत नाही, पण जिला कळायचं तिला कळतं. कॉलेजातलं टोपणनावही टाळायचं. मात्र त्याऐवजी तिचं पूर्ण नाव लिहायचं नाही, ते शिक्षकांनी हजेरी घेतल्यासारखं वाटतं. नावच नको. उत्तर तिच्या कमेंटखाली जातंय, कोणाला लिहिलंय हे उघड आहे.

दुसरी जागा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. “आम्ही मजा केली होती” असं लिहिलं तर तिला फोटोतून कापून काढल्यासारखं होतं. “आपण दोघी” लिहिलं तर जुनी जोडी पुन्हा उभी राहते. “आपण सगळे” यात ती आहे, आणि बाकी तिघंही आहेत. आठवण पाच जणांची करून टाकली की दोघींच्या नात्यावर बोलायची गरजच उरत नाही.

तिसरी जागा प्रश्नचिन्हाची. उत्तरात प्रश्न असला की समोरच्याने परत लिहायचं हे ठरून जातं. पण “मी मजेत” एवढ्यावर थांबलं तर तुटक वाटतं, तिने विचारपूस केलेली आहे. इथे मराठी व्याकरण मदतीला येतं. “तू कशी आहेस?” न लिहिता “तूही मजेत असशील” लिहायचं. ‘असशील’मध्ये अंदाज आहे आणि सदिच्छाही आहे, फक्त विचारणा नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, न सांगितलं तर काही अडून राहत नाही.

या सगळ्यातून तयार झालेलं उत्तर असं: “हो, तो बूट! ती दोरी तोलार खिंड उतरून खिरेश्वरपर्यंत टिकली हेच नवल. मस्त ट्रेक झाला होता आपल्या सगळ्यांचा. वाचून बरं वाटलं. मी मजेत, तूही मजेत असशील.”

तिच्या कमेंटएवढीच लांबी. दुप्पट लांब उत्तर हे कमेंटची वाट बघत असल्यासारखं दिसतं, आणि दोन शब्दांचं उत्तर हाकलल्यासारखं. बुटाच्या गोष्टीत तिने न लिहिलेला एक तपशील घातलाय, दोरी खिरेश्वरपर्यंत टिकली. त्यामुळे उत्तर पाट्या टाकल्यासारखं होत नाही, मनापासून आठवलंय हे दिसतं. “वाचून बरं वाटलं” हे “खूप आनंद झाला”पेक्षा खालच्या पट्टीतलं आहे, आणि ते खरंही आहे. एकच उद्गारचिन्ह, तेही बुटाला.

एक वाक्य या मसुद्यात होतं आणि काढलं: “काकूंना नमस्कार सांग.” एरवी निरोप घ्यायला यापेक्षा चांगलं वाक्य नाही. आपुलकीही दिसते आणि बोलणंही संपतं. पण मधली पाच वर्षं 2019 ते 2024 आहेत. या काळात कोणाच्या घरी काय झालं हे संपर्क नसलेल्या माणसाला माहीत नसतं. काकू हयात नसतील तर सौजन्याचं ते वाक्य दुसरीच्या उरात घुसेल, आणि मग पहिलीला समाचाराचा फोन करणं भागच पडेल. नवऱ्याचं, मुलांचं, नोकरीचंही तसंच. स्वतःला पक्कं ठाऊक नसलेल्या माणसाचा किंवा गोष्टीचा उल्लेख करायचा नाही.

वेळेचंही ठरवावं लागतं. पावणेदहाची कमेंट, दहाला उत्तर दिलं तर दुसरी ऑनलाइनच सापडणार आणि कमेंटची गप्पांची मैफल होणार. आठवड्याने दिलं तर ‘इतके दिवस विचार करत होती’ असं वाटणार. दुसऱ्या दिवशी दुपारी, कामाच्या वेळेत दिलेलं उत्तर सगळ्यात साधं दिसतं. या प्रकरणात 19 तारखेला, शुक्रवारी, दुपारी अडीचच्या सुमारास. शनिवार-रविवार टाळलेला बरा, लोक मोकळे असतात.

मसुदा फेसबुकच्या चौकटीत लिहू नये. फोनच्या नोट्समध्ये लिहावा, रात्रभर राहू द्यावा आणि मग चिकटवावा. कमेंट नंतर बदलता येते, पण ती बदलल्याची खूण तिथे राहते आणि आधीचं रूपही उघडून वाचता येतं. पुसली तरी नोटिफिकेशनमधून पहिल्या ओळी तिच्या स्क्रीनवर पोचलेल्या असू शकतात.

लाइक कोणतं द्यायचं, हा प्रश्न बारीक वाटतो, पण तो आहे. बदाम दिला तर तो ‘खूप आठवण येते’ला लागतो, म्हणजे जे शब्दांत टाळलं ते चिन्हाने कबूल केलं. नुसता निळा अंगठा आणि उत्तर नाही, हे तर शब्दशः अंगठा दाखवणं झालं. उत्तरासोबत साधा अंगठा चालतो.

उत्तर देण्याआधी पोस्ट कोणाला दिसते ते तपासायचं. फोटोवर तारखेशेजारी पृथ्वीगोलाचं चिन्ह असेल तर तो जगाला दिसतो, दोन माणसांचं असेल तर मित्रांना. 2015 च्या कितीतरी पोस्ट नकळत जगजाहीर राहिलेल्या असतात, आणि नवी कमेंट आली की जुनी पोस्ट पुन्हा लोकांच्या फीडमध्ये वर येऊ शकते. त्यामुळे ती मित्रांपुरती करून मग उत्तर द्यावं. फोटो मात्र उडवायचा नाही, ‘फक्त मी’वरही टाकायचा नाही. दुसरी उत्तर आलं का हे बघायला परत येणारच, आणि फोटोच गायब दिसला तर तिच्या आठवणीवर बोळा फिरवल्यासारखं होईल. कमेंट लपवण्याचाही इथे उपयोग नाही. फेसबुकवर लपवलेली कमेंट ती लिहिणाऱ्याला आणि तिच्या मित्रांना दिसतच राहते, आणि गटातले तिघंही तिचे मित्र आहेत.

हे तिघं म्हणजे या प्रकरणातला खरा अवघड भाग. ते फोटोत टॅग आहेत, म्हणून त्यांनाही कमेंटची नोटिफिकेशन जाण्याची शक्यता मोठी. त्यांच्यातला एखादा उत्साही गडी येतो: “अरे वा, दोघी एकत्र! चला, पुन्हा ट्रेक ठरवू.” त्याच्या मनात काळंबेरं नसतं. त्याला “ठरवा की” म्हटलं तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो आणि पहिली त्यात असते. “मला नाही जमणार” म्हटलं तर सगळ्यांसमोर कारण द्यावं लागतं. पहिलीने त्याच्या कमेंटला अंगठा द्यावा आणि लिहू काहीच नये. ग्रुप निघालाच तर त्यात इतरांसारखं राहावं, तारखा निघाल्या की “या वेळी मी नाही, तुम्ही जाऊन या” एवढं सांगावं. त्या गड्याला खासगीत सगळी हकिकत सांगून आपल्या बाजूला ओढण्याचा मोह होतो. तो आवरायचा, कारण ते दुसरीपर्यंत पोचतंच, आणि पोचतं तेव्हा तिखटमीठ लागलेलं असतं.

उत्तर गेल्यावर दुसरी काय करते यावर पुढचं अवलंबून. तिने लाइक देऊन सोडून दिलं, तर विषय तिथेच मिटला. तिने आणखी एखादी आठवण लिहिली, केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्याची वगैरे, तर तिला लाइक, शब्द नाहीत. शेवटची कमेंट तिची राहिली तर बिघडत काही नाही. अनेकजण ‘शेवटचं उत्तर आपलं हवं’ या सवयीने तिसरं, चौथं उत्तर देतात आणि तिथेच घसरतात.

ती इनबॉक्समध्ये आली तर मात्र गोष्ट बदलते, कारण तिथे प्रेक्षक नसतात. चारचौघांत जे संदिग्ध ठेवलं, ते इथे स्पष्ट करणं हेच सौजन्य. समजा मेसेज आला, “खरंच भेटू गं, या शनिवारी?” इथे सगळ्यांच्या तोंडी येतं ते “सध्या फार धावपळ आहे, बघू पुढच्या महिन्यात.” मराठीत ‘बघू’ म्हणजे नाही, हे सर्वांना कळतं असं आपण धरतो. पण ज्याला भेटायचंच असतं त्याला ते कळत नाही. धावपळ संपते, पुढचा महिना येतो, आणि मेसेजही येतो. मग नवी सबब शोधावी लागते. त्यापेक्षा असं: “मेसेज वाचला. मला भेटायला जमणार नाही, आणि पुढचंही काही ठरवत नाही. रागाने सांगत नाहीये. तुझं सगळं छान चालू दे.” यात कारण दिलेलं नाही हे मुद्दाम. कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवता येतो.

तिने पैशांचा विषय काढला तर तो झटकायचा नाही. “जाऊ दे गं, काही नाही त्याचं” हे उदार वाटतं, पण त्यातून सगळं पूर्ववत झाल्याचा अर्थ निघतो, आणि पुन्हा ‘गं’ आलंच. पैसे हवे असतील तर तेवढंच बोलावं: “हो, दोन महिन्यांचे 18,000 होते. त्याच नंबरवर पाठवलेस तरी चालेल, पोचले की कळवते.” नको असतील तर: “तो हिशोब मी केव्हाच सोडून दिलाय, तू मनावर घेऊ नकोस.” पैसे परत आले म्हणून भेट देणं लागत नाही, हे आधीच मनाशी ठरलेलं असलेलं बरं. पोचल्याचं मात्र त्याच दिवशी कळवायचं. व्यवहारात ताटकळत ठेवणं हे अंतर ठेवणं नव्हे.

तिने माफी मागितली तर “तू लिहिलंस, बरं केलंस” हे पुरेसं आहे. “माझंही चुकलंच” हे खरं असेल तरच लिहावं, नुसत्या संकोचापोटी नाही.

नकारानंतरही मेसेज येत राहिले तर ब्लॉक ही पहिली पायरी नसते. फेसबुकच्या रिस्ट्रिक्टेड यादीत नाव टाकलं की ती मित्रयादीत राहते, पण जगजाहीर किंवा तिला टॅग केलेल्या पोस्टच तिला दिसतात, आणि तिला याची नोटिफिकेशन जात नाही. हेच प्रकरण इन्स्टाग्रामवर असतं तर रिस्ट्रिक्ट केल्यावर तिच्या नव्या कमेंट आपण मंजूर करेपर्यंत फक्त तिलाच दिसतात.

हे सगळं लागू होतं ते नुसत्या विरलेल्या मैत्रीला. तुटण्यामागे धमकी, पाठलाग किंवा मारहाण असेल तर सौजन्याचं उत्तरही द्यायचं नाही. कमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि माणूस ब्लॉक करायचा.

पुढच्या 18 जानेवारीला हा फोटो दोघींनाही पुन्हा दिसू शकतो, आता खालच्या दोन कमेंटसकट. पहिलीला तो नको असेल तर मेमरीजच्या सेटिंग्जमध्ये विशिष्ट व्यक्ती आणि विशिष्ट तारखा वगळायची सोय आहे. ते काम उत्तर दिल्यावर लगेच उरकून टाकावं, वर्षभराने ते लक्षात राहत नाही. दुसरीला मात्र फोटो दिसत राहील, आणि त्याखाली बूट, दोरी आणि ‘तूही मजेत असशील’ एवढंच असेल.